महिन्यांची विक्री दाखवताना बार काढायचा की रेष?

वर्षाची विक्री महिन्यांनुसार मांडली की बारा आकडे होतात, आणि खरी पंचाईत या बारामुळेच होते. तिमाहीचे चार आकडे असते तर बार सोडून दुसरं काही कुणाला सुचलं नसतं. रोजच्या विक्रीचे ३६५ आकडे असते तर रेषेशिवाय गत्यंतर नव्हतं, तितके बार कागदावर मावलेच नसते. बारा आकडे मात्र बारमध्येही नीट बसतात आणि रेषेतही. कॉम्प्युटर दोन्ही काढून देतो आणि दोन्ही दिसायला ठीकच दिसतात. म्हणून मग ज्याला जे आवडेल ते तो काढतो. पण त्याच बारा आकड्यांतून बार एक गोष्ट सांगतो आणि रेष दुसरी. कधी कधी त्यातली एक चक्क खोटी असते.

हे एका उदाहरणावरूनच पाहू. नाशिकच्या भांडी बाजारातलं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान धरा. आर्थिक वर्ष एप्रिल २०२४ ते मार्च २०२५. विक्रीचे आकडे मी नमुन्यासाठी घेतलेले आहेत, पण सणांच्या तारखा त्या वर्षीच्या खऱ्या आहेत, कारण या धंद्यात सगळा खेळ तारखांचाच असतो.

| महिना | विक्री, लाख रुपये |
|---|---|
| एप्रिल | ७.४ |
| मे | ८.६ |
| जून | ५.१ |
| जुलै | ३.८ |
| ऑगस्ट | ४.२ |
| सप्टेंबर | ३.६ |
| ऑक्टोबर | १४.८ |
| नोव्हेंबर | ७.९ |
| डिसेंबर | ६.८ |
| जानेवारी | ५.४ |
| फेब्रुवारी | ६.२ |
| मार्च | ६.६ |

वर्षाची बेरीज ८०.४ लाख, म्हणजे महिन्याची सरासरी ६.७ लाख.

## पायरी १: चार्टच्या आधी त्याचं वाक्य लिहा

चार्ट बघून माणसाने कोणतं वाक्य म्हणावं, ते आधी कागदावर लिहून काढा. "ऑक्टोबरमध्ये सप्टेंबरच्या चौपट विक्री झाली" हे एक वाक्य झालं. "पावसाळाभर विक्री उतरत गेली आणि दिवाळीनंतर उन्हाळ्याच्या पातळीला परत आली नाही" हे दुसरं. पहिल्या वाक्यात दोन महिने एकमेकांशेजारी उभे करून मापलेले आहेत. तिथे बार हवा. दुसऱ्यात एक वाटचाल आहे. तिथे रेष हवी.

हा फरक केवळ रिवाजाचा नाही, वाचणाऱ्याच्या डोक्यातही तो असतो. जेफ झॅक्स आणि बार्बरा ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अगदी साधे, दोनच आकड्यांचे आलेख दाखवले आणि काय दिसतं ते लिहायला सांगितलं. बार पाहणारे लोक "हे त्याच्यापेक्षा जास्त" अशा भाषेत लिहीत होते आणि रेष पाहणारे "वाढत जातं, कमी होत जातं" अशा. पुरुष आणि स्त्रियांची सरासरी उंची रेषेने जोडून दाखवली तेव्हा तर एकाने "माणूस जितका जास्त पुरुष, तितका तो उंच" अशा अर्थाचं वाक्य लिहिलं. रेष दिसली की माणूस मधला प्रवास स्वतःच भरून काढतो, मग तो प्रवास असो वा नसो.

आता दुकानातले प्रश्न घ्या. किती माल भरायचा, कुठल्या महिन्यात जादा माणूस ठेवायचा, बँकेतल्या सीसी मर्यादेतली किती रक्कम कधी लागेल, हे सगळे "किती" विचारणारे प्रश्न. भांडी बाजारातल्या दुकानदाराला वर्षातून जे विचारायचं असतं त्यातलं बहुतेक याच जातीचं असतं. त्यामुळे एका दुकानाचं एकच वर्ष असेल तर माझा कल सरळ बारकडे आहे. रेषेला आपली बाजू सिद्ध करावी लागते. ती कधी सिद्ध होते ते पुढे येईलच.

## पायरी २: बारा आकडे नीट तयार करा

बिलांची यादी शीटमध्ये असेल, `A` रकान्यात तारीख आणि `C` रकान्यात रक्कम, तर `E` रकान्यात प्रत्येक महिन्याची पहिली तारीख टाका. "एप्रिल" असं नाव लिहू नका. `2024-04-01` अशी खरी तारीखच लिहा आणि ती दिसायला फक्त महिना-वर्ष दिसेल असा फॉरमॅट द्या. मग `F2` मध्ये हे सूत्र घालून खाली मार्चपर्यंत ओढा.

```
=SUMIFS(C:C, A:A, ">="&E2, A:A, "<"&EDATE(E2,1))
```

तारीखच का, तर महिन्यांची नावं नुसती अक्षरं म्हणून लिहिली की शीट कधी ना कधी ती अक्षरांच्या क्रमाने लावते. एप्रिलच्या मागे ऑक्टोबर येतो, आणि बार चार्टमध्ये हे लवकर लक्षातही येत नाही, कारण बार कुठल्याही क्रमाने उभे केले तरी ते बारच दिसतात. रेष मात्र वेडीवाकडी झालेली दिसते आणि कुणाला तरी शंका येते. म्हणून बार काढणाऱ्याने खालची महिन्यांची नावं डावीकडून उजवीकडे एकदा वाचून घ्यावीत.

रक्कम जीएसटी सोडून घ्या आणि परत आलेला माल वजा करा. दोन्ही गोष्टी बाराही महिन्यांना सारख्याच लागू झाल्या पाहिजेत. एका महिन्यात जीएसटीसकट आणि दुसऱ्यात वगळून, असं झालं तर पुढचं सगळं व्यर्थ.

## पायरी ३: बार काढा, पण उभे

गूगल शीट्समध्ये `Insert` मधून `Chart` घेतलं की उजवीकडे पट्टी उघडते. तिथल्या `Setup` मध्ये `Chart type` असतो. इथे एक फसगत आहे. आपण ज्याला बार चार्ट म्हणतो, ज्यात खांब उभे असतात, त्याचं तिथलं नाव `Column chart` आहे. `Bar chart` निवडला तर बार आडवे येतात. एक्सेलमध्येही नावांची हीच तऱ्हा आहे, आणि तिथे आडव्या बारमध्ये पहिला महिना सगळ्यात खाली जातो. लांबलचक नावांच्या यादीसाठी, उदाहरणार्थ पातेली, घागर, समई, ताम्हन यांची विक्री दाखवायला, आडवे बार उत्तम. महिने मात्र डावीकडून उजवीकडेच जायला हवेत. काळ वरून खाली वाचायची आपल्याला सवय नाही.

खाली महिन्यांची नावं अर्धवट किंवा भलत्याच जागी दिसू लागली तर `Customize` मधल्या `Horizontal axis` मध्ये `Treat labels as text` वर टिक करा. बारांवर आकडे हवेत, त्यासाठी `Series` मध्ये `Data labels` आहे. बाराच आकडे आहेत, गर्दी होत नाही. आकडे दिले की मागच्या आडव्या रेघांची गरज उरत नाही, त्या काढून टाका. सगळ्या बारांना एकच रंग द्या, ऑक्टोबरला हवा तर गडद. बारा महिन्यांना बारा रंग दिले की वाचणारा रंगांचा अर्थ शोधत बसतो आणि तो कुठेच नसतो.

आता भांड्यांच्या दुकानाचा हा चार्ट काय सांगतो ते पाहा. ऑक्टोबरचा बार सप्टेंबरच्या चौपटीहून थोडा उंच आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची बेरीज १६.७ लाख होते आणि एकट्या ऑक्टोबरची १४.८. पावसाळ्याचे चार महिने एकीकडे आणि दिवाळीचा एक महिना दुसरीकडे, हे ताळेबंद न वाचणाऱ्यालाही कळतं.

## पायरी ४: तेच आकडे रेषेत टाका आणि चढ तपासा

`Chart type` बदलून `Line chart` करा. आकडे तेच, पण सप्टेंबरपासून ऑक्टोबरपर्यंत एक तिरपी चढण दिसू लागते. बघणारा म्हणतो, "सप्टेंबर संपता संपता गिऱ्हाईक वाढायला लागलं." कदाचित तो या चार्टच्या भरवशावर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माल वाढवेलही.

बिलं काय म्हणतात? २०२४ मध्ये पितृपक्ष १८ सप्टेंबरला सुरू होऊन २ ऑक्टोबरला संपला. त्या पंधरवड्यात भांडी बाजारात नवीन खरेदीला कोण येतं? दसरा १२ ऑक्टोबरला, वसुबारस २८ ला आणि धनत्रयोदशी २९ ला. आपल्या नमुन्यात ऑक्टोबरच्या १४.८ लाखांपैकी ९.१ लाख २७ ते ३१ या पाच दिवसांत आले आहेत. म्हणजे चढण अशी कधी नव्हतीच. आधी एक सपाट जमीन होती आणि महिन्याच्या शेवटी एकदम भिंत. महिन्याचा आकडा ही तीस-एकतीस दिवसांची बेरीज आहे, मधल्या कुठल्या दिवसाची पातळी नाही. दोन बेरजा रेषेने जोडल्या की मधे जे दिसतं ते चार्टने स्वतःच्या मनाने भरलेलं असतं.

म्हणून मी रेषेसाठी ही कसोटी लावतो: दोन महिन्यांमधल्या तिरप्या रेघेवर बोट ठेवा आणि विचारा, इथे खरोखर असं काही घडलं का?

हीच कसोटी दिंडोरी किंवा निफाडकडच्या कृषी सेवा केंद्राला लावली तर उत्तर उलटं येतं. तिथे द्राक्षाची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चालते, पण सगळ्यांची एका दिवशी होत नाही. बागलाणकडचे काही बागायतदार अर्ली द्राक्षांसाठी त्याच्या कितीतरी आधी छाटतात. एकेक प्लॉट पुढेमागे छाटला जातो, छाटणीनंतर फवारण्या आठवडेच्या आठवडे चालू राहतात, आणि औषधं-खतांची विक्री खरोखरच पायरीपायरीने चढते. त्या दुकानाच्या रेषेतली चढण खरी असते. तिथे रेष काढा, बेलाशक काढा. दोन्ही धंदे हंगामी, दोन्ही नाशिकचे, दोघांचीही धावपळ साधारण त्याच काळातली. तरी एकाला बार आणि दुसऱ्याला रेष शोभते ती एवढ्यासाठी.

## पायरी ५: शून्य कुठे आहे ते पाहा

बारची उंची हाच त्याचा अर्थ. दुप्पट उंच बार म्हणजे दुप्पट विक्री. म्हणून बारची उभी पट्टी शून्यापासूनच सुरू झाली पाहिजे, इथे सवलत नाही. रेषेत आपण उंची मापत नाही, वळण बघतो. त्यामुळे रेष शून्यावरून उचलली तरी चालते, फक्त पट्टी कुठून सुरू होते ते स्पष्ट दिसलं पाहिजे.

हे कुठे चावतं ते पाहायला दुसरं दुकान घेऊ. सिडकोतलं किराणा दुकान. किराण्याला अशी दिवाळी येत नाही, महिन्याची विक्री ९.६ ते १०.४ लाखांच्या मधेच फिरते. शून्यापासून बार काढले तर सगळे जवळजवळ सारखे दिसतात आणि दुकानदार म्हणतो, "यात काहीच कळत नाही." मग कुणीतरी `Vertical axis` मधल्या `Min` मध्ये ९.५ टाकतं. आता ९.६ चा बार ०.१ उंच आणि १०.४ चा ०.९ उंच. खरा फरक आठ टक्क्यांच्या आसपास आहे, डोळ्यांना तो नऊपट दिसतो. अशा वेळी बार ओढूनताणून वाचवू नका. रेष काढा, पट्टी ९ पासून घ्या, आणि ती ९ पासून आहे हे शीर्षकाखाली लिहा.

चार्टचं सॉफ्टवेअर कधी कधी स्वतःच शून्य सोडून पट्टी सुरू करतं, हेही ध्यानात ठेवा. `Min` ची जागा रिकामी असेल तर बार चार्टला तिथे `0` लिहूनच टाका.

किराण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहिल्याशिवाय रेषेवर विश्वास ठेवू नका. समजा ९.६ लाखांचा सगळ्यात खालचा महिना फेब्रुवारी आहे आणि १०.४ चा मार्च. फेब्रुवारीत रेष खड्ड्यात गेलेली दिसेल. पण फेब्रुवारी २०२५ चे दिवस २८. रोजची विक्री काढली तर ती सुमारे ३४,३०० रुपये येते. मार्चचे १०.४ लाख ३१ दिवसांत वाटले तर सुमारे ३३,५००. म्हणजे ज्या महिन्यात धंदा पडला असं वाटत होतं त्या महिन्यात तो उलट थोडा बरा होता. जिथे महिन्यामहिन्यातला फरक दहा टक्क्यांच्या आत असतो तिथे महिन्याची बेरीज दिवसांनी भागून मगच रेष काढावी. भांड्यांच्या दुकानाला हा खटाटोप नको, चौपटीच्या फरकात तीन दिवसांचं काही चालत नाही.

## दोन वर्षं एकत्र आली की

आतापर्यंत भांड्यांच्या दुकानाला बार बरा ठरला. मागचं वर्ष शेजारी ठेवायचं म्हटलं की पारडं फिरतं. बारा महिन्यांचे चोवीस बार होतात, जोड्याजोड्यांनी. डोळा प्रत्येक जोडी वेगळी वाचतो आणि वर्षाचा आकार हरवतो.

त्यातून नाशिकच्या, किंबहुना आपल्या सगळ्यांच्याच बाजाराची एक खोड आहे. सण तिथीने येतात आणि महिने इंग्रजी. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे दिवाळी पुढे गेली आणि धनत्रयोदशी १० नोव्हेंबरला आली. २०२४ मध्ये ती २९ ऑक्टोबरला. समजा आपल्या दुकानाची विक्री ऑक्टोबर २०२३ मध्ये ६.५ लाख आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये १५.२ लाख होती. जोडबारमध्ये ऑक्टोबरची जोडी ६.५ आणि १४.८ अशी दिसते, दुपटीहून जास्त वाढ. शेजारीच नोव्हेंबरची जोडी, १५.२ वरून ७.९, जवळजवळ निम्मी घट. मालक एका जोडीने खूश आणि दुसरीने चिंतेत, आणि दोन्ही भावना बिनकामाच्या. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून पाहिलं तर आधीच्या वर्षी २१.७ लाख आणि या वर्षी २२.७ लाख. वाढ साडेचार टक्क्यांच्या आसपास.

दोन वर्षांच्या दोन रेषा एकावर एक काढल्या की हे समजवावं लागत नाही. साधारण तेच शिखर एक घर डावीकडे सरकलेलं स्पष्ट दिसतं. रेषेतली चढण इथेही खोटीच आहे, पण आपण आता चढण वाचत नाही, दोन आकार ताडून पाहतोय, आणि आकार ताडण्यात रेषेला तोड नाही. या वर्षाची रेष जाड आणि गडद, मागच्या वर्षाची बारीक आणि करडी ठेवा. दोन्ही शिखरांवर धनत्रयोदशीची तारीख लिहा. रेषांची नावं खालच्या चौकोनात न देता रेषेच्या टोकाशीच लिहिली तर डोळ्यांची ये-जा वाचते.

हा सरकण्याचा प्रकार दरवर्षी पाहावा लागतो. २०२५ मध्ये धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती पुन्हा ६ नोव्हेंबरला जाते. गुढीपाडव्याचं तर आर्थिक वर्षाशी अजिबात जमत नाही. २०२३-२४ या वर्षात पाडवा एकदाही आला नाही, २०२४-२५ मध्ये दोनदा आला, ९ एप्रिल २०२४ ला आणि ३० मार्च २०२५ ला. पाडव्याला ज्यांची विक्री चढते अशा सोन्या-चांदीच्या किंवा वाहनांच्या दुकानाने या दोन वर्षांची तुलना करताना हे चार्टवर नोंदवलंच पाहिजे. आणि सिंहस्थाचा ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ येईल तेव्हा पंचवटी आणि रविवार कारंजा परिसरातल्या दुकानांना त्या महिन्यांची तुलना आदल्या वर्षाशी करण्यात अर्थच उरणार नाही.

एकाच चार्टमध्ये या वर्षाचे बार आणि त्यावर मागच्या वर्षाची रेष, असाही मार्ग आहे. `Chart type` मध्ये तो `Combo chart` या नावाने मिळतो. या वर्षाचे नेमके आकडे हवेत आणि मागचं वर्ष फक्त संदर्भाला हवं असेल तर तो छान चालतो. मात्र दोन्हींना एकच उभी पट्टी असली पाहिजे. डावीकडे रुपये आणि उजवीकडे बिलांची संख्या अशा दोन पट्ट्यांचा चार्ट मी टाळतो. त्यात रेष बारांना कुठे छेदते हे केवळ पट्ट्या कशा निवडल्या यावर ठरतं, आणि लोक त्या छेदालाच अर्थ लावतात.

## पाठवण्याआधी

चार्ट शेवटी व्हॉट्सअॅपवरच जाणार. फोन उभा धरला की रुंद चार्ट आक्रसतो, आणि कुणी तो उंच-चिंचोळा करून पाठवला तर रेषेतला साधा चढही कड्यासारखा दिसतो. बार अशा ओढाताणीत कमी बिघडतो, कारण त्यांची आपापसातली प्रमाणं तीच राहतात. रेष असेल तर चार्टची रुंदी उंचीच्या दीड-दोन पट ठेवून चित्र म्हणून पाठवा, आणि पाठवण्याआधी स्वतःच्या फोनवर एकदा पाहा.

राहिला चालू महिना. २० मार्चला चार्ट काढलात तर मार्चचा आकडा वीसच दिवसांचा असतो. रेषेत तो टोकाला कोसळलेला दिसतो, आणि शेवटचं टोक हीच डोळ्यांची पहिली जागा. रेष फेब्रुवारीलाच थांबवा. बारमध्ये मार्च ठेवायला हरकत नाही, पण त्याचा रंग फिका करा आणि वर "२० तारखेपर्यंत" असं लिहा.